चार नंबरच्या पेटीतलं संगीत

मोठ्या सिस्टरांना आम्ही पाठीमागे 'डेसिबलबाई' म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं, आणि आम्हाला वाटायचं की माहीत नाही. आमच्या विभागात अपुऱ्या दिवसांची बाळं असत. आठ काचेच्या पेट्या, मॉनिटरचे आठ पडदे, त्यावर धावणाऱ्या हिरव्या रेघा, आणि या सगळ्यामधून आवाज न करता फिरणाऱ्या मोठ्या सिस्टर. त्यांच्या खिशात आवाज मोजायचं एक छोटं यंत्र असे. काटा पंचेचाळीस डेसिबलच्या पुढे गेला की त्या एक बोट वर करत. मग ते बोट सफाईवाल्या मावशींसाठी असो की खुद्द मोठ्या डॉक्टरांसाठी.

एकदा एका डॉक्टरांनी सवयीने पेटीवर फाईल आपटली. सिस्टरांनी त्यांना बाजूला बोलावलं, एक रिकामी पेटी उघडली आणि म्हणाल्या, "डोकं आत घाला." डॉक्टर बिचारे गोंधळले, पण घातलं. सिस्टरांनी वरून तीच फाईल ठेवली, आपटली नाही, नुसती ठेवली. डॉक्टर दचकून बाहेर आले, तेव्हा त्यांचे केस उभे राहिले होते आणि आम्हाला हसू आवरत नव्हतं. त्या दिवसापासून आमच्याकडे पेटीवर कुणी कागदसुद्धा ठेवला नाही.

बाई खऱ्या होत्या. नको तितक्या खऱ्या. आईबापांनी विचारलं, "सिस्टर, वाचेल ना?" की आम्ही बाकीच्या "बघू या, प्रयत्न चालू आहेत" असं गुळमुळीत काहीतरी म्हणायचो. त्या समोर बसायच्या, डोळ्यांत बघायच्या आणि जे असेल ते सांगायच्या. "खोटी आशा हे उसनं बळ असतं," असं त्यांचं म्हणणं. मला ते पटायचं आणि रागही यायचा. असल्या माणसांबरोबर काम करणं म्हणजे सतत परीक्षेला बसल्यासारखं असतं.

नंतरच्या नर्स मुलींना या सिस्टर ठाऊक नाहीत. त्यांनी पाहिल्या त्या वेगळ्या. कुठलीही आई विभागात आली की आधी तिला खुर्ची द्यायच्या, मग तिचा हात धुवून पेटीतल्या बाळाच्या पाठीवर ठेवायच्या आणि मगच बोलायला सुरुवात करायच्या. आईच्या हातातली एखादी गोष्ट काढून घ्यायची झाली, तर दुसरी काहीतरी हातात ठेवल्याशिवाय काढायच्या नाहीत. मुली म्हणतात, किती मायाळू बाई! मायाळू होत्याच. पण हे शहाणपण त्यांना एका बाळाने शिकवलं, आणि शिकवणीची किंमत फार जबर होती. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली नवीन होते. जे झालं ते माझ्यासमोर झालं, आणि त्यात माझाही वाटा आहे, म्हणून सांगते.

चार नंबरच्या पेटीत एक मुलगी होती. एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेली, अकराशे पन्नास ग्रॅमची. आमच्याकडे बाळं पेटीच्या नंबराने ओळखली जात आणि आया बाळांच्या नंबराने. तशी ही चार नंबरची आई. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचं काम करायची. बोटं सडसडीत, नखं अगदी कापलेली, कपडे नेटके. नवरा मोटार चालवायला शिकवायचा. दिवसभर शेजारी बसून घाबरलेल्या लोकांना "हळू, हळू, क्लच सोडा" म्हणायची सवय, त्यामुळे आमच्याशीही तसाच समजुतीने बोलायचा.

बोलायचा तोच. ती नाही. काही विचारायचं असलं की ती वहीच्या पानावर सुरेख अक्षरात लिहून चिठ्ठी पुढे करायची. 'आज किती मिली दूध पचलं?' 'वजन?' आम्ही उत्तर दिलं की मान हलवायची. आम्हाला वाटलं, काय हा तोरा! आमच्यासारख्यांशी तोंड उघडायला हिला कमीपणा वाटतो. चहाच्या वेळी मी तिला 'मुकी महाराणी' असं नाव ठेवलं आणि सगळ्या हसल्या. ते नाव आठवलं की अजून जिभेला चटका बसल्यासारखं होतं.

तिसऱ्या दिवशी बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झाला. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात, त्यामुळे ते होतं. डॉक्टरांनी डोक्याची सोनोग्राफी दाखवत समजावून सांगितलं की आज काही सांगता येत नाही, पण पुढे मुलीच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. चालणं, बोलणं, शिकणं, कशावरही. नवऱ्याने चार प्रश्न विचारले. ती पडद्यावरच्या पांढऱ्या डागाकडे बघत राहिली.

अकराव्या दिवशी बाळाचा श्वासाचा मोठा पंप निघाला आणि नाकाला छोटी नळी लागली. त्याच दिवशी नवरा काड्यापेटीएवढा स्पीकर घेऊन आला. चेहरा उजळलेला.

"सिस्टर, आम्ही वाचलंय. शास्त्रीय संगीत ऐकवलं की बाळाचा मेंदू वाढतो. बुद्धी तल्लख होते. मेंदूला लागलेलं असेल तर जास्तच गरज, नाही का?"

डॉक्टर घाईत होते. म्हणाले, "लावा, काही बिघडत नाही." मोठ्या सिस्टरांनी स्पीकर आत ठेवून यंत्र लावलं. काटा त्रेसष्टवर गेला. पेटीची मोटर मुळातच घरघरत असते, त्यात काचेच्या भिंतींवरून आवाज उलटून येतो. सिस्टरांनी स्पीकर बाहेर काढला, दुपट्यात गुंडाळला, आवाज इतका कमी केला की मला शेजारी उभं राहूनही जेमतेम ऐकू येत होता, आणि म्हणाल्या, "एवढंच. दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं."

त्या दिवसापासून चार नंबरची आई बदलली. आधी ती यायची, पेटीशेजारी अवघडून उभी राहायची आणि तासाभरात निघून जायची. आता दहाच्या ठोक्याला हजर. स्टूल ओढून बसायची. वहीत तक्ता आखलेला: सकाळी तंतुवाद्य, दुपारी बासरी, कधी किती मिनिटं, त्या वेळी बाळाचे ठोके किती, प्राणवायू किती. घड्याळ बघून स्पीकर चालू करायची, घड्याळ बघून बंद. मधल्या वेळात पुसून ठेवायची. दोन वाजेपर्यंत हलायची नाही. घरी जाऊन दूध काढायची, तेही वाढलं. मी एकदा चेष्टेत म्हटलं, "काय ताई, मुलीला डॉक्टर करणार वाटतं?" ती हसली. पहिल्यांदा हसली. आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'मठ्ठ म्हणू नये कुणी. एवढंच.'

मी ती चिठ्ठी वाचली, खिशात टाकली आणि विसरले.

अठराव्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी झाली. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या रुंदावल्या होत्या. म्हणजे लक्षण चांगलं नव्हतं. डॉक्टरांनी तसं सांगितलं. नवरा बायकोने पुढे केलेल्या चिठ्ठीकडे बघत म्हणाला, "संगीत चार तास केलं तर? आणि आवाज थोडा वाढवून?"

मोठ्या सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी दोघांना दूध काढायच्या छोट्या खोलीत नेलं. मलाही बोलावलं, शिकायला मिळावं म्हणून. आमच्याकडे दोन महिन्यांपूर्वी वाचा आणि श्रवणाच्या एक तज्ज्ञ बाई शिकवून गेल्या होत्या. त्यांनी दिलेले कागद सिस्टरांनी लाल पेनाने खुणा करून ठेवले होते. ते त्यांनी मांडीवर घेतले.

"मी सरळ सांगते," त्या म्हणाल्या. "संगीताने बाळ हुशार होतं, हे कुणीही सिद्ध केलेलं नाही."

"पण सगळीकडे लिहिलंय, सिस्टर. खास बाळांच्या मेंदूसाठी म्हणून संगीत विकायला असतं."

"विकायला असतं, खरं आहे. पण हे निघालं कुठून ते ऐका. एका ठिकाणी छत्तीस जणांवर प्रयोग केला. बाळं नव्हती ती. कॉलेजातली मुलं. त्यांना दहा मिनिटं पियानोची एक जुनी रचना ऐकवली. मग कागदाची घडी घालून कात्री मारली तर उलगडल्यावर कसा दिसेल, असली कोडी घातली. नुसतं शांत बसवलं होतं तेव्हापेक्षा संगीतानंतर त्यांना थोडे जास्त गुण पडले. आणि तो फरक दहा-पंधरा मिनिटांत गेला."

"दहा-पंधरा मिनिटांत?"

"हो. वर्तमानपत्रांनी त्याचं 'संगीताने बुद्धी वाढते' केलं, आणि बाळं त्यात कुणीतरी नंतर घुसडली. पुढे कितीतरी लोकांनी तोच प्रयोग करून पाहिला. काहींना फरक दिसला, बऱ्याच जणांना दिसला नाही. चाळीसेक प्रयोग आणि तीन हजारांच्या आसपास माणसं एकत्र मोजली, तेव्हा हाती लागला तो एवढासा फरक. तोही दुसरं कुठलं संगीत लावलं तरी जवळपास तेवढाच. एके ठिकाणी तर गोष्ट ऐकवली. ज्यांना गोष्ट आवडली त्यांनी गोष्टीनंतर कोडी बरी सोडवली. म्हणजे काय, तर माणसाला तरतरी आली, बरं वाटलं, की तेवढ्यापुरतं डोकं बरं चालतं. बस."

नवऱ्याने विचारलं, "म्हणजे छोट्या बाळांना काहीच उपयोग नाही?"

"आपल्यासारख्या बाळांवर वेगळे प्रयोग झालेत. कुणी अगदी हळू आवाजात अंगाई म्हटली तर काही बाळांचे ठोके शांत होतात, श्वास संथ होतो. तेवढं दिसलंय. बुद्धीचं काही दिसलेलं नाही. आणि आवाज वाढवला तर त्रासच. तिला झोप हवी. तिचा मेंदू झोपेत वाढतोय."

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. एकही शब्द चुकीचा नव्हता, आजही नाही. मग सिस्टर चार नंबरच्या आईकडे वळल्या. तिच्या मांडीवर तो स्पीकर होता. तो त्यांनी उचलला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"ही डबी आता घरी न्या. ताई, तुम्ही इतका वेळ बसता, मग तिच्याशी बोला ना. मी तुम्हाला कधी बोलताना बघितलंच नाही. बाळाला बोलणं येतं ते माणसं त्याच्याशी बोलतात म्हणून. यंत्र ऐकवून नाही येत. उद्यापासून डबी नको, तुमचा आवाज हवा. जमेल ना?"

तिने मान हलवली. चेहरा पांढराफटक पडला होता. आम्हाला वाटलं, सोनोग्राफीचा धक्का.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

नवरा दुधाच्या बाटल्या घेऊन आला. "तिला बरं नाही." तिसऱ्या दिवशीही तेच. स्टूल रिकामं. मी मोठ्या सिस्टरांना म्हटलं, "तुमचं खरं बोलणं जरा जड गेलं वाटतं." त्या म्हणाल्या, "पचायला वेळ लागतो. येईल." पण दुपारी मी पाहिलं तर त्या स्वतः चार नंबरच्या पेटीशेजारी उभ्या राहून बाळाशी बोलत होत्या. काय तर, बाहेर ऊन आहे, तुझं वजन दहा ग्रॅमने वाढलं. कुणी बघत नाहीसं पाहून बोलत होत्या.

तिसरा दिवस गेला. चौथ्या दिवशी नवरा बाटल्या देऊन वळला, तेव्हा सिस्टरांनी त्याला जिन्यात गाठलं. मी मागे होते.

"खरं सांगा. त्या माझ्यावर रागावल्यात का?"

तो हातातल्या किल्ल्यांशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "रागावली नाही हो. तुम्ही तिला बोलायला सांगितलंत. ती अडखळते. तोतरी आहे. लहानपणापासून. घरी माझ्याशी मोकळी बोलते, दिवसभर बोलते, भांडते सुद्धा. माझी काही घाई नसते ना. पण परक्या माणसासमोर एक शब्द बाहेर पडत नाही. शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर यायचं, पण तोंडातून निघेपर्यंत पुढच्या मुलीला विचारलेलं असायचं. मग मठ्ठ म्हणून मागच्या बाकावर. दुकानात मागच्या खोलीत बसते तीही त्याचसाठी. गिऱ्हाईकाशी बोलावं लागत नाही."

सिस्टरांनी जिन्याचा कठडा धरला.

"आणि संगीत?" त्यांनी विचारलं.

"तीच म्हणाली होती. पोरीच्या कानात पहिला आवाज असा जाऊ दे, की जो अडखळत नाही. माझं ऐकून ती पण तोतरी व्हायची, मग तिलाही मठ्ठ म्हणतील. तुम्ही डबी बंद केलीत तेव्हा घरी येऊन म्हणाली, मी तिथे बसून आता करू काय? तुम्ही जे करा म्हणालात ते तिला जमत नाही, आणि जे जमत होतं ते काढून घेतलंत."

तो काही तक्रारीने बोलला नाही. त्यानेच ते जास्त लागलं. मला त्याच क्षणी ती खिशात टाकलेली चिठ्ठी आठवली, आणि चहाच्या वेळचं ते नाव.

सिस्टर त्या संध्याकाळी ड्युटी संपल्यावर त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेल्या. मी म्हटलं मीही येते. त्यांनी नको म्हटलं नाही. दोन खोल्यांचं घर, दुसऱ्या मजल्यावर. एका कोपऱ्यात शिकाऊ चालकांच्या पाट्या, टेबलावर दूध काढायचा पंप, उकळून पालथ्या घातलेल्या बाटल्या. ती दारात आम्हाला बघून मागेच सरकली.

मोठ्या सिस्टर बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "ताई, मी चुकले. तुम्हाला काही विचारलं नाही, आणि हुकूम सोडला."

नवरा स्वयंपाकघरात गेला, मुद्दामच गेला असावा.

"एक सांगायचं राहिलं होतं, ते सांगते. आईचं अडखळणं ऐकून बाळ तोतरं होत नाही. काही घराण्यांत असतं, रक्तातून येतं, तो भाग वेगळा. पण ऐकून लागत नाही. त्या भीतीने गप्प बसू नका."

तिने ओठ हलवले. बराच वेळ काही आलं नाही. सिस्टर घाई न करता उभ्या राहिल्या. मला मात्र तिचा शब्द आपणच पूर्ण करावा असं वाटत होतं. मी जीभ चावून धरली.

"स-सगळे... ऐ-ऐकतील," ती म्हणाली.

"मी पडदा लावते. आणि ज्याला ऐकून हसायचं असेल त्याने माझ्यासमोर हसून दाखवावं."

मी जमिनीकडे बघितलं.

"का-काय बोलू?"

"काहीही. इथे यांच्याशी बोलता ते. भांडा वाटलं तर."

ती हसली, आणि तोंड ओढणीत लपवून रडायला लागली. सिस्टरांनी तिला जवळ घेतलं. तोवर मी त्यांना कुणाला जवळ घेताना पाहिलं नव्हतं. निघताना ती म्हणाली, "उ-उद्या येते. द-दहाला."

जिना उतरताना सिस्टर मला म्हणाल्या, "डबी आवाज करत होती म्हणून मी फक्त आवाज मोजला. ती डबी धरून आई बसून राहत होती, ते मोजलं नाही."

सकाळी सात वाजता मी ड्युटीवर गेले, तेव्हा चार नंबरभोवती माणसं होती. पहाटे बाळाचं पोट फुगलं होतं. पोटातल्या नळीतून हिरवं येत होतं, कातडी राखेच्या रंगाची झाली होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आतड्याला असं एकाएकी होतं. चांगलं चाललेलं बाळ काही तासांत हातचं जातं. शल्यचिकित्सक येऊन बघून गेले आणि नकारार्थी मान हलवून गेले. बाळ उपासमारीने जात नव्हतं, दुर्लक्षाने जात नव्हतं, आई नव्हती म्हणूनही जात नव्हतं. दूध आईचंच होतं, रोज वेळेवर पोचत होतं. डॉक्टरांनी मोठ्या सिस्टरांना हे दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

फोन गेला. दहाची वेळ ठरली होती, ती दोघं साडेआठलाच आली. तिने हात धुतले. रोजच्यासारखे, कोपरापर्यंत, नीट. सिस्टरांनी खुर्ची आणली, पेटी उघडली आणि नळ्यांसकट बाळ तिच्या छातीवर ठेवलं. बावीस दिवसांत पहिल्यांदा. आमच्याकडे तेव्हा तशी पद्धत नव्हती. बाळ बरं झाल्यावर आईकडे द्यायचं असा नियम होता. डॉक्टरांनी अडवलं नाही.

पडदा लावायला मी पुढे झाले. तिने हातानेच नको म्हणून सांगितलं. का, ते मला कळलं नाही. कदाचित तेवढाही वेळ घालवायचा नसेल.

आणि ती बोलायला लागली.

"मी... मी आ-आई. अ-अगं, मी आई." मग एका शब्दावर अडकली, डोळे मिटले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि तो शब्द सोडून न देता तिने तो बाहेर काढलाच. घराबद्दल सांगत होती. दुसरा म-मजला आहे. खिडकीतून र-रस्ता दिसतो. गाडी शि-शिकवताना लोक बाबांना घाबरतात, आणि ब-बाबा त्यांना घाबरतात. विभागात सात आया, चार नर्स, दोन डॉक्टर होते. यंत्रांचे आवाज सोडले तर कुणाचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. ती अडखळत होती आणि थांबत नव्हती. पाऊण तास बोलली. मी तिचं अख्ख्या बावीस दिवसांचं बोलणं एकदम ऐकत होते.

पडद्यावरची हिरवी रेघ हळूहळू सपाट होत गेली. मोठ्या सिस्टरांनी हात लांबवून यंत्राचा गजर आधीच बंद केला होता, म्हणून तिला लगेच कळलं नाही. ती बोलत राहिली. मग डॉक्टरांनी बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

ती बराच वेळ बाळाला धरून बसली. नवरा कागदपत्रांसाठी बाहेर गेला. मोठ्या सिस्टर तिच्या पायाशी स्टुलावर बसल्या होत्या. तिने मान वर केली.

"सि-सिस्टर. ति-तिला कळलं असेल? मी को-कोण ते?"

असल्या वेळी आम्ही कुणीही पटकन 'हो, हो' म्हटलं असतं. सिस्टर विचार करून बोलल्या.

"आज किती कळलं ते मी नाही सांगू शकत. ती फार आजारी होती. पण पोटात असताना शेवटचे तीन-चार आठवडे तिला ऐकू येत होतं. तेव्हा तुम्ही घरी बोलत होतात. म्हणजे जन्मली तेव्हा तिच्या ओळखीचा जर कुठला आवाज असेल, तर तो तुमचाच. आणि असाच. तुम्ही अडखळता हे तिला ठाऊकच नव्हतं. तिच्यासाठी आईचा आवाज असाच असतो."

ती ऐकत होती. चेहऱ्यावर काहीतरी निवळल्यासारखं झालं, आणि मला वाटलं, चला, एवढं तरी दिलं सिस्टरांनी. पण मग तिचे ओठ पुन्हा हलायला लागले. तिने बाळाच्या टोपीवरून बोट फिरवलं.

"म्हणजे मग," ती म्हणाली, आणि या वेळी एकदाही अडखळली नाही, "बावीस दिवस ती माझ्या आवाजाची वाट बघत होती."

मोठ्या सिस्टरांची ड्युटी तीनला संपली, दुसऱ्या सिस्टर आल्या, सहा नंबरमध्ये नवीन बाळ दाखल झालं. त्या स्टुलावरून उठल्या नाहीत. संध्याकाळी ती दोघं घरी निघेपर्यंत तिथेच बसून होत्या, तिचा रिकामा हात दोन्ही हातांत धरून.